हायड्रॉलिक सिलिंडरचा एक्स्प्लोडेड व्ह्यू: आधी यादी, मग चित्र, शेवटी बलून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छे भागातल्या सिलिंडर बनवणाऱ्या शेडमधून असेंब्लीची जी शीट बाहेर पडते, तिच्यावर तीन माणसांचं काम अवलंबून असतं. फिटर ती बघून सिलिंडर जोडतो. स्टोअरवाला तिच्यावरून सामान काढतो आणि मागवतो. तिसरा माणूस दूर असतो. ऐन गळीत हंगामात खानापूरकडे किंवा चिकोडीकडे ट्रॉलीचा सिलिंडर उघडून बसलेला मेकॅनिक फोनवर सांगतो, "अण्णा, तेरा नंबरची रिंग पाठवा." आपल्या भागात या तिघांपैकी एक मराठी बोलतो, दुसरा कानडी, तिसरा हिंदी. वर्णनाचा रकाना इंग्रजीत असला तर तो नीट वाचेलच असा एकही नसतो. आकडा मात्र तिघांना सारखाच कळतो. म्हणून या शीटवर आकडा आणि वस्तू यांची जोडी कुठेही चुकता कामा नये.

बहुतेक जण मॉडेल पूर्ण झालं की लगेच भाग ओढून लांब करतात, त्यावर बलून टाकतात आणि शेवटी टेबल घालतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. यादी आधी ठरवावी, पार्ट नंबर तेव्हाच द्यावेत, आणि मग त्या यादीला शोभेल असं चित्र उघडावं. पुढे एक डबल ॲक्टिंग सिलिंडर घेऊन हे सगळं करून दाखवतो. बोअर ८० मिमी, रॉड ४५ मिमी, स्ट्रोक ४०० मिमी. मागचा डोळा बॅरलला वेल्ड केलेला, पुढचा डोळा रॉडला वेल्ड केलेला, आणि ग्लँड बॅरलमध्ये एम८५ × २ आट्यांनी बसणारा. सॉफ्टवेअर सॉलिडवर्क्स धरलं आहे.

एक ओळ म्हणजे काय

यादी करताना पहिला प्रश्न असा येतो की कुठली वस्तू एक ओळ धरायची. यासाठी एक साधी कसोटी पुरते: असेंब्लीच्या टेबलावर जी वस्तू एक नग म्हणून येते, ती या शीटवर एक ओळ. बॅरलमध्ये ट्यूब, तळाचं झाकण, डोळा आणि दोन पोर्टचे बॉस असे पाच तुकडे असतात, पण टेबलावर ते वेल्ड होऊन, मशीन होऊन एकत्र येतात. म्हणून इथे बॅरल ही एकच ओळ. त्या पाच तुकड्यांची यादी बॅरलच्या वेल्डिंग ड्रॉइंगवर असते. रॉडचंही तसंच.

बेळगावात ग्लँड आणि पिस्टन बहुधा फाउंड्रीतून कास्टिंग म्हणून येतात आणि मशीन शॉपमध्ये तयार होतात. कच्च्या कास्टिंगला वेगळा नंबर हवा, कारण ते वेगळ्या बिलावर येतं, वेगळ्या रॅकमध्ये राहतं, आणि एकाच कास्टिंगमधून दोन वेगळे ग्लँड निघू शकतात. असेंब्लीच्या शीटवर मात्र मशीन केलेल्या ग्लँडचाच नंबर यावा. कास्टिंगचा नंबर ग्लँडच्या स्वतःच्या ड्रॉइंगमध्ये, मटेरियलच्या जागी लिहावा. दोन्ही नंबर असेंब्लीच्या यादीत आले, तर स्टोअरवाला एका सिलिंडरसाठी दोन ग्लँड काढतो.

सील किटचा प्रश्न याहून अवघड आहे. फिटरला प्रत्येक सील वेगळं हवं असतं, कारण तो ते वेगवेगळ्या खाचेत बसवतो. मेकॅनिकला अख्खं किट हवं असतं. दोघांचं समाधान करण्यासाठी काही जण यादीत सुटी सीलंही लिहितात आणि किटही लिहितात. मग खरेदी दुप्पट होते. त्यापेक्षा यादीत फक्त सुटी सीलं ठेवावीत आणि शेरा रकान्यात त्या ओळींपुढे "किट" असं लिहावं. यादीखाली एक वाक्य घालावं: "सील किट `K-C07` मध्ये आयटम ६ ते १३." किटची स्वतःची यादी वेगळ्या कागदावर राहते, आणि इथे कुणी तिची बेरीज करत नाही.

आयटम नंबर आणि पार्ट नंबर

हे दोन आकडे वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढे सगळंच घसरतं. आयटम नंबर म्हणजे बलूनमधला आकडा. तो फक्त या शीटपुरता असतो. याच शीटवर १२ म्हणजे ग्लँडची ओ-रिंग; दुसऱ्या सिलिंडरच्या शीटवर १२ म्हणजे आणखी काही. पार्ट नंबर वस्तूचा असतो. तीच ओ-रिंग चार सिलिंडरांत लागत असेल तर चारही शीटवर तिचा पार्ट नंबर एकच. म्हणून फोनवर "तेरा नंबर" एवढंच ऐकून माल पाठवू नये. आधी शीटचा नंबर विचारावा, मग तेरा.

पार्ट नंबरात मापं कोंबू नयेत. `G80-45-M85` असा नंबर दिसायला सोयीचा वाटतो, पण उद्या आटे बदलले की नंबर खोटा ठरतो आणि जुनी चलनं तशीच राहतात. लहान शेडसाठी डिझाइनचा क्रमांक आणि पुढे तीन आकडे एवढं भरपूर होतं. या सिलिंडरचं डिझाइन सातवं धरलं तर बॅरल `C07-101`. बाजारातून घेतलेल्या, अनेक ठिकाणी लागणाऱ्या वस्तूंना डिझाइनचा क्रमांक लावायचा नाही. सीलांना `SL-` आणि इतर सामानाला `HW-` लावून पुढे नुसता अनुक्रम.

बदल झाला की नवा नंबर द्यायचा की फक्त रिव्हिजन वाढवायची? जुना नग आणि नवा नग एकमेकांच्या जागी बसून तेच काम करत असतील तर रिव्हिजन. ग्लँडचा चॅम्फर थोडा वाढवला, तर `C07-104` तसाच राहील आणि रिव्हिजन ए ची बी होईल. पण आटे एम८५ × २ ऐवजी दुसरे केले, तर जुन्या बॅरलमध्ये नवा ग्लँड जाणार नाही. तिथे नवा नंबरच हवा. रॅकमध्ये एका नंबराच्या कप्प्यात दोन न जुळणारे ग्लँड पडले, तर ते फिटरच्या हातात आल्यावरच कळतं.

आपल्या सिलिंडरची यादी अशी होते:

| आयटम | पार्ट नंबर | वर्णन | नग | मटेरियल / शेरा |
|---|---|---|---|---|
| १ | `C07-101` | बॅरल, वेल्डेड | १ | होन्ड ट्यूब एसटी ५२ |
| २ | `C07-102` | रॉड, वेल्डेड | १ | सी४५, हार्ड क्रोम |
| ३ | `C07-103` | पिस्टन | १ | एसजी आयर्न |
| ४ | `C07-104` | ग्लँड | १ | एसजी आयर्न |
| ५ | `HW-021` | नायलॉक नट एम३० × २ | १ | |
| ६ | `SL-014` | पिस्टन सील, बोअर ८० | १ | किट |
| ७ | `SL-015` | पिस्टन वेअर रिंग | २ | किट |
| ८ | `SL-031` | ओ-रिंग, पिस्टन आणि रॉडमधली | १ | किट |
| ९ | `SL-022` | रॉड सील, रॉड ४५ | १ | किट |
| १० | `SL-023` | वायपर, रॉड ४५ | १ | किट |
| ११ | `SL-024` | ग्लँड गाइड रिंग | १ | किट |
| १२ | `SL-033` | ओ-रिंग, ग्लँड | १ | किट |
| १३ | `SL-034` | बॅकअप रिंग, ग्लँड | १ | किट |
| १४ | `HW-040` | डोळ्याचं बुश | २ | |
| १५ | `HW-044` | ग्रीस निपल | २ | |
| १६ | `HW-047` | पोर्ट प्लग | २ | पाठवणीसाठी |

ओळी सोळा आणि नग वीस. ही वीसची बेरीज कुठेतरी लिहून ठेवा, शेवटी तपासताना तिचा उपयोग होतो. क्रम मुद्दाम असा आहे: आधी आपण बनवलेल्या वस्तू आणि त्यांना जोडून रॉडचा नट, मग सीलं, मग बाजारातलं किरकोळ सामान. सीलं एकत्र राहिल्यामुळेच "६ ते १३" असं एका वाक्यात लिहिता आलं.

आट्यांवर लावायचं लॉकिंग द्रव्य मॉडेलमध्ये कधीच नसतं, म्हणून ते यादीतून हमखास सुटतं. त्याची ओळ शेवटी घाला, नगाच्या जागी "आवश्यकतेनुसार" लिहा आणि आयटम नंबर किंवा बलून देऊ नका.

मॉडेलमध्ये पार्ट नंबर भरणं

सॉलिडवर्क्सचं टेबल आपणहून पार्ट नंबराच्या रकान्यात फाइलचं नाव टाकतं. फाइलचं नाव `gland final new2` असेल, तर शीटवरही तेच छापून येतं. प्रत्येक पार्टच्या कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये `Part number displayed when used in a bill of materials` अशी जागा आहे. तिथे `User Specified Name` निवडून खरा नंबर भरा. याहून चांगलं म्हणजे फाइलचंच नाव पार्ट नंबर ठेवणं. मग तीच फाइल कॉपी करून वेगळ्या नावाने परत वापरण्याचा मोहही कमी होतो. त्या मोहातून एक ओळखीची चूक होते: दोन्ही वेअर रिंग सारख्याच असतात, पण दुसरी कॉपी केलेल्या फाइलमधून आलेली असते. मग टेबलात एक-एक नगाच्या दोन ओळी दिसतात, दोनची एक ओळ दिसत नाही. असं दिसलं की टेबलात हाताने दुरुस्ती करू नका, असेंब्लीतली फाइल बदला.

लपवलेला पार्ट टेबलात मोजला जातो, दाबलेला म्हणजे `Suppress` केलेला पार्ट मोजला जात नाही. आतलं काम दिसावं म्हणून कुणी ओ-रिंग दाबून ठेवली आणि तशीच फाइल सेव्ह केली, तर यादीत ती ओळच नसते. नगांची बेरीज १९ आली की आधी इथे बघावं.

चित्र उघडणं

`Insert > Exploded View` घेऊन भाग ओढायला लागण्याआधी कागदाचा हिशोब करा. बॅरल साधारण ५२० मिमी, रॉड ६०० मिमी, त्यात मधले भाग आणि मोकळ्या जागा मिळवल्या तर सगळं एका ओळीत पसरल्यावर १८०० मिमीच्या आसपास जातं. १:५ स्केलवर हे ए३ कागदावर बसतं. पण ३ मिमी जाडीची ओ-रिंग त्या स्केलवर ०.६ मिमीची होते, म्हणजे नुसती रेघ. तिच्याशेजारची बॅकअप रिंगही तशीच. ज्या दोन वस्तूंची अदलाबदल सगळ्यात सहज होते, त्याच चित्रात ओळखू येत नाहीत.

म्हणून दोन चित्रं करावीत. पहिलं १:५ स्केलवर: त्यात बॅरल, नट, पिस्टन, ग्लँड, रॉड, बुश, निपल आणि प्लग. दुसरं १:२ स्केलवर: पिस्टन आणि ग्लँड आपापल्या सीलांसह. १:२ वर तीच ओ-रिंग दीड मिमीची दिसते आणि बॅकअप रिंगचा चपटा आकार लक्षात येतो. दुसऱ्या चित्रात नको असलेले बॅरल, रॉड वगैरे ड्रॉइंगमधल्या त्या व्ह्यूपुरते लपवा. यादीवर त्याचा परिणाम होत नाही.

भाग ओढण्याचा क्रम म्हणजे सिलिंडर उघडण्याचा क्रम. आधी ग्लँड आणि रॉडचा सगळा गट बॅरलमधून बाहेर. मग नट मागे, म्हणजे बॅरलकडे. मग पिस्टन. मग ग्लँड रॉडवरून सरकून पिस्टनच्या बाजूने निघतो, कारण दुसऱ्या टोकाला वेल्ड केलेला डोळा आहे. हे ध्यानात न घेता ग्लँड डोळ्याच्या पलीकडे ओढलेली चित्रं मी पाहिली आहेत. तसा तो प्रत्यक्षात कधीच निघणार नाही. डावीकडून उजवीकडे क्रम असा हवा: बॅरल, नट, पिस्टन, ग्लँड, रॉड. प्रत्येक पायरीत एकाच दिशेने हलवा आणि अंतर आकड्यात टाका, माउसने अंदाजे ओढू नका. कागदावर दोन भागांत आठ-दहा मिमी मोकळी जागा राहील असं अंतर धरलं की बलूनची रेघ अडखळत नाही. ग्रीस निपल मुख्य अक्षावर आणू नका. ते ज्या भोकात बसतं त्या भोकाच्या दिशेनेच वर उचला. प्लगचंही तसंच.

सीलांचा क्रम इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. ग्लँडच्या बाहेरच्या अंगावर ओ-रिंग तेलाच्या बाजूला बसते आणि बॅकअप रिंग तिच्या मागे, म्हणजे आट्यांच्या बाजूला. तेलाचा दाब ओ-रिंगला फटीत ढकलतो आणि बॅकअप रिंग तिला अडवते. उलटं बसवलं तर ती अडवणारी रिंग निरुपयोगी होते; ओ-रिंग फटीत चावली जाते आणि काही दिवसांनी ग्लँडच्या आट्यांतून तेल पाझरायला लागतं. चित्रात डावीकडे, म्हणजे तेलाच्या बाजूला १२, मग १३, मग ग्लँड ४ असाच क्रम यायला हवा. वायपर ग्लँडच्या उजवीकडे, बाहेरच्या तोंडाशी. रॉड सील आणि गाइड रिंग ग्लँडच्या आत बसतात. त्या बाहेरच्या रिंगांच्या ओळीत घातल्या तर गोंधळ होतो. त्यांना खाली वेगळ्या ओळीत आणा आणि तुटक रेघेने ग्लँडशी जोडा. ही रेघ `Explode Line Sketch` ने काढता येते.

एवढं करूनही एक गोष्ट एक्स्प्लोडेड व्ह्यू दाखवू शकत नाही, ती म्हणजे सीलाच्या ओठाची दिशा. रॉड सीलाचा ओठ तेलाकडे हवा आणि वायपरचा बाहेर धुळीकडे. ट्रॉलीच्या सिलिंडरवर शेतातली माती सतत पडत असते. वायपर उलटा बसला तर तो ती माती आत ओढतो आणि रॉडच्या क्रोमवर लांब ओरखडे येतात. यासाठी ग्लँडचा एक सेक्शन १:१ स्केलवर शीटच्या कोपऱ्यात काढा आणि त्यातही ९, १०, ११, १२, १३ हे बलून परत द्या. एक्स्प्लोडेड व्ह्यू कुठला भाग कशानंतर हे सांगतो, हा सेक्शन कुठलं तोंड कुठे हे सांगतो.

टेबल आणि बलून

ड्रॉइंगमध्ये व्ह्यू घातल्यावर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये `Show in exploded or model break state` ला टिक करा. मग `Insert > Tables > Bill of Materials`. इथे तीन पर्याय येतात. `Parts only` घेतलं आणि बॅरल सब-असेंब्ली म्हणून बनवलेला असेल, तर ट्यूब, झाकण, डोळा सगळं यादीत सांडतं. `Indented` मध्ये सब-असेंब्लीच्या पोटातल्या ओळी आत सरकून येतात. मोठ्या मशीनला ते बरं, इथे नको. `Top-level only` घ्या. मात्र तुम्ही सोयीसाठी ग्लँड आणि त्याची सीलं एका सब-असेंब्लीत बांधली असतील, तर आता उलट अडचण येते: सीलं लपतात आणि एकच ओळ दिसते. त्या सब-असेंब्लीच्या कॉन्फिगरेशनमध्ये `Child component display when used as a subassembly` खाली `Promote` निवडा. मग आतल्या वस्तू वरच्या यादीत येतात आणि गटाचं नाव गळून पडतं.

ओळी आपल्या ठरलेल्या क्रमात ओढून घ्या आणि लगेच `Do not change item numbers` लावा. शीट एकदा शेडमध्ये गेली की आयटम नंबर हलवायचे नाहीत. एखादी वस्तू रद्द झाली तर तिची ओळ "रद्द" म्हणून ठेवा. नवी आली तर ती १७. मधेच घुसवून खालचे सगळे आकडे एकने पुढे सरकवले, तर जुनी शीट हातात असलेला मेकॅनिक १३ मागेल आणि त्याला ओ-रिंग मिळेल.

दुसऱ्या व्ह्यूचे बलून आपणहून या टेबलाशी जोडले जातीलच असं नाही. त्या व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये `Link balloon text to specified table` ला टिक करून हेच टेबल निवडा. सेक्शनलाही तेच. नाहीतर पहिल्या चित्रात ग्लँड ४ आणि दुसऱ्यात २ असा प्रकार होतो. बलूनमध्ये आकड्याऐवजी `*` किंवा `?` दिसला तर त्याचा दुवा तुटलेला आहे. आकडा हाताने टाइप करून झाकू नका, रेघेचं टोक परत त्या भागावर नेऊन टेकवा.

`Auto Balloon` सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण त्याने मांडलेलं तसंच सोडू नये. सगळे गोल एकाच मापाचे, चित्राच्या बाहेर, आडव्या किंवा उभ्या सरळ ओळीत हवेत. बलूनमधला आकडा मापांच्या आकड्यांपेक्षा ठळक मोठा, साधारण दुप्पट उंचीचा. रेघ तिरकी आणि आखूड, दुसऱ्या रेघेला न छेदणारी आणि दुसऱ्या भागावरून न जाणारी. रेघ भागाच्या कडेवर संपत असेल तर टोकाला बाण, भागाच्या पृष्ठभागावर संपत असेल तर ठिपका. सेक्शनमध्ये रेघ हॅचिंगला समांतर जाऊ देऊ नका, नाहीतर ती हॅचिंगमध्येच हरवते. दोन वेअर रिंग असल्या तरी एकीलाच बलून पुरे. दोन नग आहेत हे यादी सांगते. ओ-रिंग आणि बॅकअप रिंग शेजारी असतात म्हणून काही जण एकाच रेघेवर दोन बलून लावतात. नट-वॉशरच्या जोडीला ते चालतं. इथे मात्र नाही, कारण कुठली आधी आणि कुठली नंतर हेच तर दाखवायचं आहे.

यादी शीटवर कुठे? टायटल ब्लॉकच्या वर ठेवली तर शीर्षकाची ओळ खाली आणि आकडे खालून वर चढत जातात, म्हणजे नवी ओळ वर मोकळ्या जागेत घालता येते. वेगळ्या कागदावर यादी दिली तर शीर्षक वर आणि आकडे खाली. सॉलिडवर्क्समध्ये टेबलाचं शीर्षक वर-खाली करण्याचं बटण टेबल निवडल्यावर वरच्या पट्टीतच मिळतं.

शेडमधली तपासणी

स्क्रीनवर दोन तपासण्या होतात. नग रकान्याची बेरीज २० येते का, आणि १ ते १६ प्रत्येक आकडा निदान एका चित्रात बलून होऊन आला आहे का. दुसरी तपासणी पेन्सिलने करा: टेबलातली एक ओळ वाचा, तिचा बलून शोधा, दोन्हीवर खूण करा. उलट्या बाजूनेही एकदा जा, बलूनकडून ओळीकडे.

खरी तपासणी मात्र टेबलावरच होते. स्टोअरमधून फक्त यादी दाखवून एका सिलिंडरचं सामान काढायला सांगा, काही समजावू नका. ते सामान ज्याने हा सिलिंडर आधी जोडलेला नाही अशा फिटरसमोर शीटसह ठेवा आणि बाजूला उभे राहा. तो जिथे थांबून विचारेल, तिथे शीटमध्ये काहीतरी कमी आहे. "ही चपटी रिंग कुठल्या बाजूला?" असं विचारलं, तर १:२ च्या चित्रात १२ आणि १३ मधली जागा वाढवा. हातात वस्तू उरली किंवा कमी पडली, तर नग चुकले आहेत. त्याने न विचारता ग्लँड रॉडवर चढवला, मग पिस्टन, मग नट, आणि वायपरचा ओठ बाहेर ठेवला, की शीटवर रिव्हिजन ए टाकून ती सोडा.